कुर्त्यावरचं जाकीट: नाव कुणाचं, कापड कसलं

साधा कुर्ता आणि त्यावर बिनबाह्यांचं जाकीट हा वेश फार पुरातन वगैरे आहे असं समजायची पद्धत आहे. तुकडे जुने आहेत, जोडी मात्र तेवढी जुनी नाही. उत्तरेत सदरी, गुजरातेत कोटी, आपल्याकडे बंडी, असे बिनबाह्यांचे कपडे गावोगाव होतेच, पण आपली बंडी म्हणजे मुळात कामाचा कपडा, खिशात पैसे-तंबाखू ठेवायला सोयीची, कित्येकदा सदऱ्याच्या आतच घातलेली. चार लोकांत जायचं तर बाह्यांचा कोट किंवा अंगरखा. आतली बंडी वर आली ती खादीच्या काळात, १९२० नंतर. सुती कुर्ता पातळ, उत्तरेत थंडी कडक आणि विलायती कोट तर घालायचा नाही, मग जाड खादीचं किंवा लोकरीचं जाकीट वर चढवणं हा सोपा उपाय होता. पुढे तो पुढाऱ्यांचा गणवेशच झाला आणि पुढची तीसचाळीस वर्षं लग्नातल्या नवऱ्याला ते घालावंसं वाटलं नाही त्याचं कारणही हेच.

आता नावाचा घोळ, कारण सगळी भांडणं तिथेच आहेत. नेहरू जॅकेट म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर बिनबाह्यांचं, उभ्या पट्टीच्या गळ्याचं, पाच बटणांचं जाकीट येतं. पहिल्या पंतप्रधानांचा ओळखीचा फोटो आठवा, गुलाब खोचलेला, तो गुलाब बहुतेक वेळा अचकनीवर असतो, म्हणजे गुडघ्यापर्यंत येणाऱ्या लांब बाह्यांच्या कोटावर. कुर्त्यावर बिनबाह्यांचं जाकीटही ते घालायचे, पण जगभर गेलेली छबी अचकनीची. १९६०च्या दशकात अमेरिका-इंग्लंडमध्ये या नावाखाली जे विकलं गेलं ते या अचकनीला कंबरेखाली कापून केलेलं, म्हणजे गळा उभा आणि बाह्या शाबूत. १९६७-६८ला ती फॅशन जोरात होती आणि दशक संपता संपता गेलीसुद्धा. त्यामुळे एकाच नावाचे दोन कपडे झाले, तिकडे बाह्यांचा आणि इकडे बिनबाह्यांचा. आजही परदेशी साइटवर हे नाव टाकून शोधलं तर बाह्यांचा कोट समोर येऊ शकतो, मागवण्याआधी फोटो बघाच.

दुसरा घोळ २०१४ नंतरचा. सध्याच्या पंतप्रधानांनी अर्ध्या बाह्यांच्या कुर्त्यावर रंगीत जाकिटं घालायला सुरुवात आधीच केली होती, गुजरातेत असताना. हाताने धुवायला सोपं, बॅगेत जागा कमी, म्हणून बाह्या कापल्या असं त्यांनीच सांगितलंय. २०१४ नंतर दुकानदार त्यांच्या नावाने जाकीट विकायला लागले, तोवर कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. मग ३१ ऑक्टोबर २०१८ला दक्षिण कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी ट्वीट करून सांगितलं की भारतभेटीत मी या जाकिटांचं कौतुक केलं होतं तर पंतप्रधानांनी माझ्या मापाची शिवून पाठवली, आणि त्यात त्यांनी नाव वापरलं ते सध्याच्या पंतप्रधानांचं. झालं. तेव्हा जम्मू-काश्मीरचे माजी मुख्यमंत्री असलेल्या ओमर अब्दुल्लांनी लगेच सुनावलं की भेट छान आहे, पण आम्ही जन्मभर याला नेहरू जॅकेट म्हणत आलोय, तसंच पाठवता आलं नसतं का. दोनतीन दिवस नुसता धुरळा.

माझं मत विचाराल तर दोन्ही बाजू थोड्या हट्टी होत्या. कटिंग दोघांचंही नाही, सदरीचं आहे, आणि खादीवाल्या काळात ते एका माणसाचं नव्हतंच. पण २०१४ नंतर काहीच बदललं नाही असं म्हणणंही चूक. आधी जाकीट पांढरं, करडं, काळं, नाहीतर मातकट. नंतर पोपटी, केशरी, निळं, चौकड्यांचं असं सगळं आलं आणि कुर्ता मुद्दाम साधा ठेवून सगळा रंग जाकिटावर सोडायची रीत रुळली. फेब्रुवारी २०२३मध्ये संसदेत घातलेलं फिकट निळं जाकीट तर प्लास्टिकच्या बाटल्यांपासून केलेल्या कापडाचं होतं, एका सरकारी तेल कंपनीने दिलेलं. म्हणजे कपड्यातून काहीतरी सांगायची खादीची सवय टिकली, फक्त सांगणं बदललं.

लग्नाच्या बाजारात हे आलं ते शेरवानीला स्वस्त आणि हलका पर्याय म्हणून. शेरवानी एकदा घातली की कपाटात पडून, जाकीट मात्र परत परत निघतं. आणि इथेच प्रसंगाचा हिशोब सगळा कापडावर आला. समजा एकच पांढरा कुर्ता आहे, गुडघ्यापर्यंतचा, बिननक्षीचा. दुपारच्या साखरपुड्याला त्यावर लिननचं फिकट जाकीट पुरतं, कारण उन्हात चमकणारं कापड भडक दिसतं. संध्याकाळच्या रिसेप्शनला तोच कुर्ता आणि वर रॉ सिल्क किंवा ब्रोकेड, दिव्याखाली त्याची चमक उठून दिसते. ऑफिसच्या दिवाळीला खादी. शोकसभेला मात्र पांढऱ्यावर पांढरं किंवा करडं, बटणंसुद्धा कापडाने मढवलेली, धातूची नकोत. कुर्त्याला स्वतःची भरतकामाची पट्टी असेल तर हे काहीच जमत नाही, ती जाकिटाखाली अर्धी लपते आणि अर्धी गळ्याशी डोकावते.

कापड बदललं तशी शिवणही बदलली आणि ती दुकानात कुणी सांगत नाही. जुनं खादी जाकीट बहुधा ढगळ असायचं, आत जाड थर नसायचा, घरी धुतलं तरी चालायचं. आताचं रेडिमेड अंगाला घट्ट बसावं म्हणून छातीच्या भागाला आतून गोंदाचं कापड इस्त्रीने चिकटवलेलं असतं, त्याला फ्युजिंग म्हणतात. घरी धुतलं, विशेषतः गरम पाण्यात, की तो गोंद जागोजाग सुटतो आणि छातीवर फोड आल्यासारखे फुगे दिसतात, मग कितीही इस्त्री फिरवा. घेताना वरचं कापड आणि अस्तर चिमटीत धरून वेगळं करून बघायचं, वरचं कापड पुठ्ठ्यासारखं ताठ लागलं तर ते ड्रायक्लीनचंच समजा.

मापातही तीच गंमत. लोक शर्टाचं माप सांगतात आणि कुर्त्याची जाडी विसरतात. छाती ४० इंच असेल तर तयार जाकीट ४३-४४ तरी हवं, नाहीतर बटणं लावली की आडव्या सुरकुत्या पडतात. त्याहून जास्त त्रास मुंढ्याचा, म्हणजे हात बाहेर काढायच्या कापाचा. जाकिटाचा मुंढा कुर्त्याच्या मुंढ्यापेक्षा खोल हवा आणि खांदा कुर्त्याच्या शिवणीच्या किंचित आत संपायला हवा. मुंढा वर चढलेला असला तर कुर्त्याची बाही काखेत गोळा होते, हात वर केला की अख्खं जाकीट वर येतं, आणि हे ट्रायल रूममध्ये हात खाली सोडून आरशात बघताना अजिबात कळत नाही. गळ्याचंही बघा, दोन्ही पट्ट्या उभ्या असल्या तर कुर्त्याची पट्टी थोडीशी वर दिसावी. ती पूर्ण आत गेली तर जाकिटाची काठ मानेला घासते, नुसत्या घामाने ती आठवड्यात काळी पडते आणि ब्रोकेड असेल तर ती धुताही येत नाही. वरचं बटण मोकळं सोडणं ही अलीकडची सवय वाटते, खादीवाल्या फोटोंत तीही दिसते म्हणा, पण बहुतेक उकाड्यामुळे.