अतिन्यून एलडीएल, उपचारजन्य

औषधोपचाराने रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉल दर डेसिलिटरला सुमारे ३० मिलिग्रॅमच्या खाली जाण्याची अवस्था. मर्यादा सर्वमान्य नाही. काही संशोधक ती २० धरतात. स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या नेहमीच्या गोळ्यांनी नुसती इतकी घट क्वचितच होते. पीसीएसके९ हे प्रथिन एलडीएल रक्तातून हटण्यात अडथळा आणते; त्याला रोखणारी पीसीएसके९-रोधक इंजेक्शने साधारणतः २०१५ पासून वापरात आली आणि ही पातळी नेहमीच्या रुग्णांतही दिसू लागली.

या अवस्थेच्या संभाव्य धोक्यांपैकी सर्वाधिक वाद मेंदूतील रक्तस्रावाविषयी आहे. त्याचे मूळ बहुधा २००६ च्या ‘स्पार्कल’ चाचणीत असावे. पूर्वी पक्षाघात किंवा त्याचा क्षणिक झटका येऊन गेलेल्या ४,७३१ रुग्णांपैकी निम्म्यांना ८० मिलिग्रॅम ॲटोर्व्हास्टॅटिन दिले होते. एकूण पक्षाघात घटले, पण रक्तस्रावी पक्षाघात औषध घेणाऱ्या ५५ जणांना झाला, तर औषधाविना ३३ जणांना. मात्र औषध घेणाऱ्या गटाचे सरासरी एलडीएल ७० च्या आसपास, म्हणजे अतिन्यून नव्हतेच. शिवाय पुढील विश्लेषणात रक्तस्रावाचा संबंध एलडीएलच्या आकड्याशी जुळला नाही. पूर्वीचा रक्तस्राव, वाढते वय आणि अनियंत्रित रक्तदाब यांच्याशी तो जुळला. लोकसंख्येच्या काही निरीक्षणांत ७० खालील एलडीएल व रक्तस्राव यांचा संबंध दिसतो खरा, पण आजार व कुपोषणानेही एलडीएल उतरते; त्यामुळे या पुराव्याला चाचण्यांपेक्षा कमी वजन देणे योग्य.

दीर्घकालीन पुरावा मुख्यतः इव्होलोक्युमॅब या पीसीएसके९-रोधकाच्या ‘फुरिए’ चाचणीचा. तिच्या विस्तारात ६,६३५ रुग्णांवर कमाल ८.४ वर्षे लक्ष ठेवले गेले. २० खालील एलडीएल असलेल्यांतही कर्करोग, रक्तस्रावी पक्षाघात, स्मृतिदोष वा नवा मधुमेह यांत लक्षणीय वाढ आढळली नाही. स्टॅटिनने मधुमेहाची शक्यता किंचित वाढते, पण तो दोष त्या औषधवर्गाचा मानला जातो.

मोजमापाची अडचण वेगळी. नागपुरात धंतोली-रामदासपेठ भागात अँजिओप्लास्टी झालेल्या रुग्णाचा एक काल्पनिक अहवाल घेऊ: एकूण कोलेस्टेरॉल ९०, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड २१०. यांवरून एलडीएल काढणाऱ्या फ्रीडवाल्ड सूत्राने ९० − ३८ − (२१० ÷ ५) = १०. हा आकडा पाहून गोळी बंद करणे चूक ठरेल. एलडीएल कमी व ट्रायग्लिसराइड जास्त असता हे सूत्र खरे एलडीएल कमी दाखवते. अहवालात ‘कॅल्क्युलेटेड’ असा शेरा असल्यास थेट मापन किंवा मार्टिन-हॉपकिन्स पद्धतीची गणना मागावी. एकूणातून एचडीएल वजा करून येणारे ५२ हे नॉन-एचडीएल या सूत्रदोषापासून मुक्त असते.

जन्मजात पीसीएसके९-अभावामुळे एलडीएल १५ च्या आसपास असूनही निरोगी असलेल्या व्यक्तींची नोंद आहे, पण अशा व्यक्ती मोजक्याच. ‘फुरिए’तील सुमारे ८५% सहभागी गौरवर्णीय होते; विस्तारात शिरलेले रुग्ण मूळ चाचणी पूर्ण केलेले आणि पुढे राहण्यास राजी झालेले होते, आणि त्या टप्प्यात तुलनेसाठी औषधाविना गट नव्हता. पूर्वी मेंदूत रक्तस्राव झालेल्यांना मूळ चाचणीतच घेतलेले नव्हते. त्यांच्याबाबत वरील निष्कर्ष लागू धरता येत नाहीत.