ऑइल संपलं आणि इंजिन जाम झालं: गाडी वाचते का?

100 सीसीच्या साध्या बाईकमध्ये ऑइल किती असतं? जेमतेम एक लिटर, बऱ्याच मॉडेल्समध्ये तर 900 मिली. आणि ते कमी झालंय हे सांगणारा लाल दिवा यातल्या बहुतेक गाड्यांना नसतोच. मीटरवर पेट्रोलचा काटा आहे, इंडिकेटर आहे, न्यूट्रलचा हिरवा दिवा आहे, पण ज्याच्यावर अख्खं इंजिन उभं आहे त्याची काहीच खूण नाही. त्यामुळे इंजिन जाम होऊन गॅरेजला येणाऱ्या गाड्यांचे मालक एकच वाक्य बोलतात, "पण ऑइल बदलायला अजून वेळ होता की!"

गोची इथेच आहे. बदलायची मुदत वेगळी आणि ऑइल शिल्लक असणं वेगळं. समजा गाडी जुनी आहे, रिंगा झिजल्यात आणि दर 500 किमीला 100 मिली ऑइल जळतंय. एवढ्याने सायलेन्सरमधून धुराचा लोट वगैरे निघत नाही, जोरात रेस केल्यावर मागच्या माणसाला थोडा निळसर धूर दिसतो, बस. पण 2500 किमी झाले की 900 मधले 500 मिली गेलेले असतात, आणि तुम्ही ऑइल बदलणार असता 5000 ला.

आता आत काय होतं ते बघू. खालचा पंप जाळीतून ऑइल खेचतो आणि क्रँककडे आणि वर हेडमध्ये कॅमशाफ्टकडे पाठवतो. पिस्टनला मात्र मुख्यतः क्रँक फिरताना उडणारं ऑइल मिळतं. लेव्हल खाली गेली की घाटात चढावर नाहीतर जोरात ब्रेक मारल्यावर ऑइल एका बाजूला सरकतं, जाळी उघडी पडते आणि पंप ऑइलऐवजी हवा ओढतो. सगळ्यात आधी उपाशी राहतो तो वरचा भाग, म्हणजे कॅम आणि रॉकर. म्हणून पहिली खूण वरूनच येते, हेडमधून टिकटिक. टॅपेट सेट करून घेतले तरी आठवड्यात टिकटिक परत आली तर टॅपेटच्या मागे न लागता आधी डिपस्टिक काढून बघा.

मग पाळी पिस्टनची. 50 मिमी बोअरच्या इंजिनात पिस्टन आणि सिलेंडर यांच्यातली फट नवीन असताना साधारण 0.01 ते 0.04 मिमी असते, म्हणजे डोक्यावरच्या केसाहूनही बारीक. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, सिलेंडरची आतली बाही बिडाची, आणि तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. पिस्टन नेहमीपेक्षा 100 अंशांनी जास्त तापला तर त्याचा व्यास साधारण 0.1 मिमीने वाढतो, बाही तेवढी तापत नाही, तिच्या बाहेरच्या धातूच्या पात्यांना वारा लागत असतो, ती 0.03 मिमी वगैरे फुगते. फट गेली! ऑइलचं काम फक्त घसरवणं नसतं, पिस्टनची उष्णता बाहेर नेणंही त्याच्याकडेच असतं, त्यामुळे ऑइल कमी म्हणजे घर्षण जास्त, घर्षणाने उष्णता, उष्णतेने उरलेलं ऑइल आणखी पातळ, आणि शेवटी मऊ झालेलं अ‍ॅल्युमिनियम बाहीला अक्षरशः चिकटायला लागतं.

हे एका झटक्यात होत नाही, त्याआधी गाडी सांगत असते. तिसऱ्या गिअरमध्ये जो चढ सहज जायचा तिथे गाडी ओढत नाही, अ‍ॅक्सिलरेटर दिला तरी कोणीतरी ब्रेक धरून ठेवल्यासारखं वाटतं, पायाला नेहमीपेक्षा जास्त झळ लागते, जळक्या ऑइलचा वास येतो. या क्षणी क्लच दाबून, इंजिन बंद करून बाजूला थांबलात तर बहुतेक वेळा इंजिन वाचतं. क्लच आधी का? कारण चालत्या गाडीत इंजिन जाम झालं की मागचं चाकही त्याच्याबरोबर अडकतं आणि माणूस पडतो.

थांबल्यावर लोक ज्या चुका करतात त्यांनीच अर्धं नुकसान होतं. गरम ब्लॉकवर पाणी ओततात, त्याने हेड वाकू शकतं किंवा तडा जातो. किंवा ऑइल टाकून लगेच किका मारतात, गिअरमध्ये टाकून धक्का देतात, आणि चिकटलेलं अ‍ॅल्युमिनियम बाहीवरून ओरबाडलं जातं. नुसतं उभं राहा, तासभर थंड होऊ द्या. मग प्लग काढून किक हाताने हळू दाबून बघा. सुटली तर त्याला गॅरेजवाले हलकं सीझ म्हणतात. थंड झाल्यावरही किक दगडासारखी अडकलेली असेल तर जोर लावू नका, टेम्पोत टाका. आणि किक सुटली म्हणून तशीच चालवत घरी जाऊ नका, ओरखडे आत पडलेलेच असतात.

आता एक नेहमीची केस घेऊ. दुधाचे कॅन लावून रोज घाट चढणारी 100 सीसीची गाडी, चढावर बंद पडली, थंड झाल्यावर किक सुटली. नट खोलून ऑइल काढलं तर जेमतेम 250 मिली निघालं, काळं आणि त्यात चंदेरी चमक. त्यात चुंबक फिरवला, चमक चिकटली नाही, म्हणजे ते अ‍ॅल्युमिनियम, पिस्टनचं. ब्लॉक उतरवला तर पिस्टनच्या सायलेन्सरकडच्या बाजूला उभे ओरखडे, कारण ती बाजू जास्त तापते, आणि एक रिंग खाचेत बसून गेलेली.

गाडी वाचणार की नाही हे पिस्टनवर ठरत नाही, खालच्या कनेक्टिंग रॉडवर ठरतं. मेकॅनिक पिस्टन काढून रॉड हातात धरतो आणि सरळ वर-खाली ओढून बघतो. डावी-उजवीकडे थोडी हलली तर ठीक आहे, तेवढी मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते, पण वर-खाली जराही टकटक जाणवली तर क्रँकचं बेअरिंग गेलं, मग अख्खं इंजिन उतरवून क्रँक प्रेसवर खोलून रॉड किट बसवावं लागतं आणि खर्च कुठल्या कुठे जातो. या गाडीत रॉड घट्ट होती, हे नशीब.

मग ब्लॉक लेथवाल्याकडे. बाहीवरचा सगळ्यात खोल ओरखडा 0.15 मिमी निघाला. 0.25 ओव्हरसाइज पिस्टन टाकायचा तर प्रत्येक बाजूने फक्त 0.125 मिमी कापलं जातं, ओरखडा तसाच राहतो, म्हणून 0.50 चा पिस्टन घेऊन बोअर 50.50 केला. बिडाची बाही होती म्हणून हे जमलं. आतून खास लेप दिलेला सिलेंडर असेल तर बोअर करता येत नाही, ब्लॉक-पिस्टन नवीनच घ्यावे लागतात. शिवाय हेडमध्ये कॅमची बैठक चरली असेल तर हेडचाही खर्च धरा.

कारचं गणित यापेक्षा कडक असतं. तिथे क्रँक गोळ्यांच्या किंवा रोलरच्या बेअरिंगवर नाही, पातळ शेलवर फिरतो आणि त्याला सतत दाबाने ऑइल लागतं. डॅशबोर्डवरचा ऑइलच्या कॅनचा लाल दिवा लेव्हल दाखवत नाही, दाब गेल्याचं सांगतो. म्हणजे तो चालता चालता लागला तर पुढचा पेट्रोल पंप गाठायचा विचारही करायचा नाही, तिथेच बंद. खालून ठकठक यायला लागली असेल तर शेल फिरलेलं असतं, आणि तेव्हा बऱ्याचदा क्रँक ग्राइंड करण्यापेक्षा चांगल्या स्थितीतलं जुनं इंजिन टाकणं स्वस्त पडतं.

दुधाच्या गाडीचं पुढे असं की जोडताना ऑइलची जाळी आणि क्रँकच्या टोकाचा गोल फिल्टर खोलून धुतला, कारण धातूचा सगळा चुरा तिथेच साठतो आणि तो तसाच राहिला तर नवीन पिस्टनलाही ओरखडे पडतात. मालकाला सांगितलं, पहिले 500 किमी घाटात कॅन लावायचे नाहीत आणि दर आठवड्याला गाडी मेन स्टँडवर लावून, दोन-तीन मिनिटं चालू ठेवून बंद करून, थोड्या वेळाने डिपस्टिक बघायची. बऱ्याच गाड्यांत ती आटे न लावता नुसती टेकवून वाचायची असते, काहींत आटे लावून, तुमच्या गाडीचं पुस्तक बघून घ्या. 500 ला ऑइल बदलायला आला की ते उन्हात धरून बघायचं, सुरुवातीची थोडी चमक चालते, पण दुसऱ्या वेळीही तशीच दिसली तर क्रँक खोलावाच लागेल.