मुराबहा आणि मुदारबा: एकाच ‘नफ्या’चे दोन अर्थ

दुबईत नोकरी करणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी माझ्याकडे दोन अरबी कागद भाषांतरासाठी पाठवले होते. एक, व्याज निषिद्ध मानणाऱ्या इस्लामी बँकेशी मोटारीसाठी केलेला मुराबहा करार होता आणि दुसरा त्याच बँकेतील मुदारबा खात्याच्या अटींचा. दोन्ही कागदांत ‘रिब्ह’, म्हणजे नफा, हा शब्द पानोपानी होता, आणि दोन्ही नावे कानाला इतकी जवळची वाटतात की गृहस्थ दोन्ही व्यवहारांना ‘नफ्यावरचे कर्ज’ म्हणत होते. प्रत्यक्षात यांपैकी एकही व्यवहार कर्जाचा नाही.

मुराबहा ही विक्री आहे. बँक मोटार स्वतः विकत घेते, ती तिच्या मालकीची आणि ताब्यात आल्यावर आपली खरेदीची किंमत व वरचा नफा उघड सांगून ग्राहकाला विकते. या करारात खरेदीची किंमत 80,000 दिरहम, नफा 10,000 आणि विक्रीची किंमत 90,000 होती, ती 1,875 दिरहमच्या 48 मासिक हप्त्यांनी फेडायची होती. नफ्याची रक्कम सहीच्या दिवशीच ठरते आणि नंतर हप्ता थकला तरी विक्रीची किंमत वाढत नाही. अशा करारांत उशिराबद्दल घेतलेली रक्कम बहुधा धर्मादाय कामासाठी वेगळी काढली जाते, म्हणून त्या कलमासाठी ‘दंडव्याज’ हा आपल्या बँकांचा सरावाचा शब्द वापरला तर कराराचा अर्थच उलटा होतो.

‘कर्ज’ हा मराठी शब्द मुळात अरबी ‘कर्द’वरूनच फारसीमार्गे आला आहे, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो. या व्यवहारांच्या अरबीत ‘कर्द’ म्हणजे जेवढे घेतले तेवढेच परत करायचे असे उसने पैसे. विक्रीतून उरलेल्या देण्याला तिथे ‘दैन’ म्हणतात. म्हणून मी मुराबह्यातील रकमेला ‘देणे’ म्हणतो आणि व्यवहाराला ‘नफा जाहीर करून हप्त्यांनी केलेली विक्री’. नाव लांबते खरे, पण ‘वाहनकर्ज’ लिहिले असते तर बँक आधी मोटारीची मालक होती हे वाचकाला कळलेच नसते, आणि मोटार ग्राहकाला विकण्यापूर्वी तिचे नुकसान झाले तर ते कोणाच्या माथी, हे त्या मालकीवरच ठरते.

मुदारबा ही भागीदारी आहे. भांडवल एकाचे असते, त्याला ‘रब्ब-अल-माल’ म्हणतात, आणि व्यापार चालवण्याचे श्रम दुसऱ्याचे, तो ‘मुदारिब’. या खात्यात भांडवल गृहस्थांचे होते आणि मुदारिब बँक होती, म्हणजे मोटारीच्या करारात विक्रेती असलेली बँक इथे त्यांच्या पैशांची व्यवस्थापक झाली होती. अटींत ‘70 टक्के रिब्ह खातेदाराला’ असे होते. त्याचे ‘70 टक्के नफा’ असे भाषांतर केले, तर पन्नास हजारांवर पस्तीस हजार मिळणार अशी समजूत होईल. ते टक्के भांडवलाचे नव्हेत, होणाऱ्या नफ्याचे आहेत. समजा, त्यांच्या 50,000 दिरहमच्या वाट्याला 2,000 नफा आला, तर त्यांना 1,400 आणि बँकेला 600 मिळतील. नफा शून्य असेल तर वाटायलाच काही नाही. म्हणून मी ‘नफ्यातील वाटा’ असे लिहितो, ‘नफ्याचा दर’ असे नाही.

तोट्याची वाटणी मात्र 70:30 होत नाही, आणि हे कलम ग्राहकाला समजावून सांगावेच लागते. 1,000 दिरहम बुडाले तर ते सगळे भांडवल देणाऱ्याचे बुडतात आणि मुदारिबाचे श्रम वाया जातात. मुदारिबाने अटी मोडल्या किंवा कसूर केली, तरच भरपाई त्याच्याकडून मागता येते. अरबीत या कलमाचे शब्द ‘तअद्दी’ आणि ‘तक्सीर’ असे आहेत. दुसऱ्यासाठी आपला ‘कसूर’ चपखल बसतो, कारण तो त्याच धातूचा आहे. पहिल्यासाठी मी ‘मर्यादाभंग’ घेतला. मुदारब्याला ‘अर्धेली’ म्हणण्याचा मोह मी टाळला, कारण अर्धेली शेतजमिनीची असते आणि तिच्यासाठी अरबीत ‘मुजारआ’ हा वेगळाच शब्द आहे.

शेअर बाजाराविषयीच्या आजच्या अरबी मजकुरात ‘मुदारबा’ हाच शब्द सट्ट्यासाठी रूढ आहे, तेव्हा नुसता शब्द पाहून भाषांतर करता येत नाही. जवळपास ‘रब्ब-अल-माल’ किंवा नफ्याच्या वाट्याचे गुणोत्तर असेल, तर भागीदारी समजावी. भावांचे चढउतार आणि अल्पमुदतीची खरेदी-विक्री असेल, तर सट्टा. त्याच गृहस्थांनी पुढे पाठवलेल्या वृत्तपत्राच्या एका कात्रणात ‘मुदारिबून’ होते, आणि तिथे मला ‘सटोडिये’ असेच लिहावे लागले.