विक्री १० टक्के घटली तर नफा किती घटेल?

लघुउद्योजक ग्राहकांसाठी माहितीपत्रक: ऑपरेटिंग, फायनान्शियल आणि कम्बाइन्ड लीव्हरेज

विक्री १० टक्क्यांनी कमी झाली तर नफाही १० टक्क्यांनीच कमी होईल, असं धरून केलेली अंदाजपत्रकं आमच्याकडे नेहमी येतात. प्रत्यक्षात नफा त्याहून बराच जास्त खाली येतो. माल कमी गेला म्हणून शेडचा मालक भाडं कमी करत नाही, कायम कामगारांचा पगार थांबत नाही आणि बँकेचं व्याज तर ठरलेल्या तारखेला जातंच. नफा किती पटीनं हलेल, हे सांगणारे तीन आकडे तुमच्याच नफा-तोटा पत्रकातून काढता येतात.

समजा, पुठ्ठ्याचे बॉक्स बनवणारं एक छोटं युनिट आहे (आकडे सोयीसाठी कल्पिलेले). वर्षाला २ लाख बॉक्स, दर ३० रुपये. क्राफ्ट पेपर, गम, शाई, पीस-रेटची मजुरी आणि वाहतूक मिळून एका बॉक्समागे १८ रुपये लागतात. माल बनला तरच होणारा हा बदलता खर्च. विक्रीतून तो वजा केला की उरतं ते कॉन्ट्रिब्युशन. भाडं, पगार, विमा, घसारा असा स्थिर खर्च वर्षाला १४ लाख आणि व्याज ४ लाख. पहिला रकाना आजची स्थिती दाखवतो. उरलेल्या दोन रकान्यांत विक्री सारखीच घटली आहे, पण घटीचं कारण वेगळं आहे.

| लाख रुपयांत | आज | माल १०% कमी | दर १०% कमी |
|---|---|---|---|
| विक्री | ६० | ५४ | ५४ |
| बदलता खर्च | ३६ | ३२.४ | ३६ |
| कॉन्ट्रिब्युशन | २४ | २१.६ | १८ |
| स्थिर खर्च | १४ | १४ | १४ |
| व्याजापूर्वीचा नफा | १० | ७.६ | ४ |
| व्याज | ४ | ४ | ४ |
| करापूर्वीचा नफा | ६ | ३.६ | ० |

तीन आकडे

ऑपरेटिंग लीव्हरेज = कॉन्ट्रिब्युशन ÷ व्याजापूर्वीचा नफा = २४ ÷ १० = २.४

फायनान्शियल लीव्हरेज = व्याजापूर्वीचा नफा ÷ करापूर्वीचा नफा = १० ÷ ६ = १.६७

कम्बाइन्ड लीव्हरेज = कॉन्ट्रिब्युशन ÷ करापूर्वीचा नफा = २४ ÷ ६ = ४

पहिला आकडा कारखान्याबद्दल बोलतो. माल १ टक्का कमी-जास्त गेला, तर धंद्याचा नफा २.४ टक्के हलेल. दुसरा कर्जाबद्दल: धंद्याचा नफा १ टक्का हलला, तर व्याज देऊन मालकाच्या हाती उरणारा नफा १.६७ टक्के हलेल. पहिले दोन गुणले की तिसरा मिळतो. दुसऱ्या रकान्यात पडताळून पाहा: माल १० टक्के कमी, व्याजापूर्वीचा नफा २४ टक्के कमी, करापूर्वीचा नफा ४० टक्के कमी. माल १० टक्के वाढला, तर हाच नफा ४० टक्क्यांनी वाढून ८.४ लाख होतो.

तिसऱ्या आकड्याचा आणखी एक उपयोग आहे. १०० ला त्यानं भागलं की खपात किती टक्के घट सोसता येईल ते कळतं. इथे १०० ÷ ४ = २५. माल २५ टक्के कमी गेला की नफा शून्य.

आता तिसरा रकाना. मोठं गिऱ्हाईक म्हणतं, "दरात १० टक्के सोडा." विक्री तेवढीच, ५४ लाख, पण सगळा नफा गेला. वरचे तिन्ही आकडे मालाच्या नगसंख्येतल्या बदलासाठी आहेत, दरातल्या बदलासाठी नाहीत. नग कमी झाले तर कागदही कमी लागतो, दर कमी झाला तर कागद तेवढाच लागतो. २७ रुपये दरानं पूर्वीचा ६ लाख नफा टिकवायचा, तर २ लाखांऐवजी सुमारे २ लाख ६७ हजार बॉक्स विकावे लागतील. आमच्या मते सवलतीला होकार देण्याआधी एवढी एक बेरीज-वजाबाकी झालीच पाहिजे.

नवं मशीन घेताना

याच युनिटनं १० टक्के व्याजानं ३० लाखांचं कर्ज काढून स्वयंचलित मशीन घेतलं, असं धरू. मजुरी आणि वाया जाणारा कागद कमी होऊन बदलता खर्च १८ वरून १५ रुपयांवर येतो. कॉन्ट्रिब्युशन ३० लाख होतं. घसाऱ्यामुळे स्थिर खर्च १७ लाख, व्याजापूर्वीचा नफा १३ लाख, व्याज ७ लाख, करापूर्वीचा नफा ६ लाख. म्हणजे नफा होता तिथेच.

ऑपरेटिंग लीव्हरेज २.४ वरून २.३१ वर आला. नुसता तोच पाहिला, तर जोखीम किंचित कमी झाली असं वाटेल. पण फायनान्शियल लीव्हरेज १.६७ वरून २.१७ झाला आणि कम्बाइन्ड ४ वरून ५. आता माल २० टक्के कमी गेला तरी नफा संपतो. उलट माल १० टक्के वाढला, तर नफा ८.४ ऐवजी ९ लाख होतो. ऑर्डर वाढणार याची खात्री असेल तर मशीन फायद्याचं. गिऱ्हाईक एकच आणि त्याचाही भरवसा नसेल, तर आम्ही थांबायला सांगू.

मुद्दलाचे हप्ते यात कुठेच नाहीत, हेही ध्यानात ठेवा. ३० लाख ५ वर्षांत फेडायचे तर वर्षाला ६ लाख मुद्दल जातं. घसाऱ्याचे ३ लाख रोखीनं जात नाहीत ही जमेची बाजू, तरीही कागदावर नफा आणि खात्यात खडखडाट ही वेळ इथूनच येते.

आकडे कुठे फसवतात

खर्चाची विभागणी चुकली की सगळंच चुकतं. वीजबिलातला डिमांड चार्ज स्थिर असतो, वापरलेल्या विजेचा आकार बदलता. पूर्ण बिल एका बाजूला टाकू नका. मालकी धंद्यात मालक स्वतःचा पगार लावत नाही. मग नफा फुगतो आणि लीव्हरेज आहे त्यापेक्षा कमी दिसतो. कॅश क्रेडिटचं व्याजही पुरतं स्थिर नसतं. धंद्यासोबत उचल आणि व्याजदरासोबत रक्कम बदलते.

शिवाय हे आकडे त्या-त्या विक्रीपुरतेच खरे. मशीन नसताना, माल १० टक्के घटल्यावरच्या स्थितीत कम्बाइन्ड लीव्हरेज २१.६ ÷ ३.६ = ६ होतो. पहिल्या घसरणीपेक्षा दुसरी जास्त लागते ती यामुळे. नफा शून्याजवळ आला की आकडा ३० किंवा ५० असाही येतो आणि तोट्यात उणे होतो. तेव्हा लीव्हरेज सोडून किती माल विकला तर खर्च भरून निघेल तेवढंच पाहावं.

आम्ही करापूर्वीचा नफा घेतला आहे. भागीदारी संस्थेला प्राप्तिकर सरसकट एकाच दरानं लागतो, त्यामुळे करानंतरही टक्केवारी साधारण तीच राहते. मालकी धंद्यात कर टप्प्यांनुसार असल्यानं ती थोडी बदलते.

तुमच्या युनिटचे आकडे काढून हवे असतील, तर मागच्या १२ महिन्यांची वीजबिलं, कर्जाचं वेळापत्रक, कॅश क्रेडिट खात्याचा उतारा आणि नगांसह विक्रीचा मासिक तपशील घेऊन या. नगसंख्या नसेल तर निदान वजन तरी आणा. नुसत्या रुपयांच्या विक्रीवरून माल घटला की दर घटला हे कळत नाही.