अवतरणातले शब्द कोणाचे? सुधारणा आणि फेरफार यांच्यातली रेघ

बोलणाऱ्याचे शब्द बातमीदाराने घडवायचे, ही पद्धत जुनी आहे. ब्रिटिश संसदेतल्या चर्चा छापायला मनाई होती, तेव्हा सॅम्युअल जॉन्सन 1741 पासून 'जंटलमन्स मॅगझीन'साठी ऐकीव टिपणांवरून भाषणे लिहीत असे. लोक ती खरी भाषणे समजून वाचतात हे कळल्यावर त्याने काम थांबवले. पुढे 1837 मध्ये पिटमनचे लघुलेखन आले, नंतर ध्वनिमुद्रण आले, आणि छापलेले वाक्य मूळ बोलण्याशी ताडून पाहणे शक्य झाले.

ताडून पाहिल्यावर काय होते, ते अमेरिकेत मॅसन विरुद्ध न्यूयॉर्कर या खटल्यात दिसले. मनोविश्लेषक जेफ्री मॅसन यांचे म्हणणे होते, की 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकातल्या लेखात लेखिका जॅनेट माल्कम यांनी आपण न बोललेली वाक्ये आपल्या तोंडी घातली. मुलाखतींच्या फिती उपलब्ध होत्या. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की शब्द बदलले एवढ्याने अवतरण खोटे ठरत नाही. वाक्याच्या अर्थामध्ये महत्त्वाचा फरक पडायला हवा. स्वतःचे मधले नाव का बदलले, यावर मॅसन फितीत 'मला ते आवडलं' अशा अर्थाचे बोलले होते आणि छापून आले 'ते कानाला बरं वाटलं'. हा फरक न्यायालयाने किरकोळ मानला. इतर पाच उताऱ्यांबाबत मात्र ज्यूरीने निर्णय करावा, असे सांगितले. 1994 मध्ये ज्यूरीचा कौल माल्कम यांच्या बाजूने गेला.

कायद्याची ही रेघ सैल आहे. वृत्तसंस्था एपीची शैलीपुस्तिका तर अवतरणातले व्याकरणही सुधारू देत नाही. आमच्या मते रोजच्या कामात कडक नियमच सोयीचा, कारण अर्थ बहुधा छोट्या शब्दांतून निसटतो.

समजा, पाणीपुरवठा विभागाच्या प्रसिद्धिपत्रकात आहे: 'दुरुस्तीचे काम प्रगतिपथावर असून उद्या सायंकाळपर्यंत पाणीपुरवठा पूर्ववत होण्याची शक्यता आहे.' ते बोलके करताना उपसंपादक लिहितो: 'आम्ही दुरुस्ती करतोय, उद्या संध्याकाळपर्यंत पाणी येईल.' वाक्य कानाला छान लागते, पण 'शक्यता' गेली आणि आश्वासन आले. शिवाय मूळ वाक्यात काम कोण करते हे नाही. 'आम्ही' उपसंपादकाने घातले. काम कंत्राटदाराचे असले, तर तेही चुकले.

'दुरुस्तीचं काम चालू आहे. उद्या संध्याकाळपर्यंत पाणीपुरवठा पूर्ववत होण्याची शक्यता आहे,' एवढेच केले तरी अर्थ शाबूत राहतो. पण हे कोणी उच्चारलेले नाही. म्हणून अवतरणचिन्हे काढून मजकूर 'असे पत्रकात म्हटले आहे' या शेवटाने द्यावा. बोलके अवतरण हवेच असेल, तर अधिकाऱ्याला फोन करून 'पाणी कधी येणार?' एवढे विचारावे आणि मिळालेले उत्तर जसेच्या तसे घ्यावे. तयार केलेले वाक्य वाचून दाखवून 'चालेल ना?' विचारू नये. घाईत माणूस 'हो' म्हणून मोकळा होतो.