जुने वायफाय आणि ऑनलाइन खेळांतील पिंगची स्थिरता

संगणकाने पाठवलेला लहानसा संदेश खेळाच्या सर्व्हरपर्यंत जाऊन त्याचे उत्तर परत येण्यास जो वेळ लागतो, त्याला पिंग म्हणतात आणि तो मिलिसेकंदांत मोजतात. अनेक खेळाडूंच्या ऑनलाइन खेळात हा आकडा लहान असण्याइतकेच त्याचे स्थिर असणे महत्त्वाचे ठरते; ६० मिलिसेकंदांच्या एकसारख्या विलंबाची खेळाडूला सवय होते, पण ३० आणि १५० यांच्यामध्ये सतत हेलकावणाऱ्या विलंबाची होत नाही. या चढउताराला जिटर असे नाव आहे. फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे जुने वायफाय कार्ड आणि साधा राउटर यांची तारेच्या जोडणीशी तुलना करायची, ती मुख्यतः जिटरच्याच निकषावर.

वेगाचा प्रश्न येथे जवळजवळ उद्भवत नाही. बहुतेक खेळांना प्रत्यक्ष खेळताना सेकंदाला एक मेगाबिटही लागत नाही, आणि २००३ सालच्या ८०२.११जी प्रकारचे कार्डदेखील त्याहून कितीतरी अधिक माहिती वाहून नेते. अडचण हवेच्या सामायिकपणात आहे. एका चॅनेलवर एका वेळी एकाच उपकरणाने बोलायचे असते, म्हणून प्रत्येक उपकरण आधी कानोसा घेते, चॅनेल मोकळे दिसल्यावर यादृच्छिक काळ थांबते आणि मगच संदेश पाठवते. पोच न मिळाल्यास अधिक काळ थांबून तोच संदेश पुन्हा पाठवते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल सामान्यतः १, ६ आणि ११ असे तीनच धरले जातात, त्यामुळे दाट वस्तीत शेजारच्या राउटरचीही पाळी सांभाळावी लागते. मायक्रोवेव्ह ओव्हन आणि ब्लूटूथ याच पट्ट्यात असतात. ओव्हन तर पाळी वगैरे काही जाणतच नाही.

जुन्या उपकरणाचा तोटा येथेच वाढतो. सिग्नल क्षीण झाला की कार्ड वेग उतरवत नेते, आणि १,५०० बाइटांचे जे पॅकेट सेकंदाला ५४ मेगाबिट वेगाने सुमारे पाव मिलिसेकंदात निघून गेले असते, ते १ मेगाबिट वेगाने १२ मिलिसेकंद हवा अडवून ठेवते. घरातले एखादे मंद उपकरण फाइल उतरवत असेल, तर खेळणाऱ्याचे कार्ड नवे असूनही त्याला थांबावे लागते. याशिवाय काही कार्डांचे ड्रायव्हर ठरावीक अंतराने इतर नेटवर्क शोधण्यासाठी चॅनेल सोडतात, आणि त्या वेळी पिंग नियमित अंतराने उसळतो. उसळीला असा ठेका असेल, तर दोष हवेपेक्षा ड्रायव्हरमध्ये असण्याचा संभव अधिक.

तारेच्या जोडणीत प्रत्येक उपकरणाची राउटरपर्यंतची वाट स्वतंत्र असते आणि तिच्यावरून दोन्ही दिशांना एकाच वेळी माहिती जाते, त्यामुळे पाळीही नाही आणि टक्करही नाही. साध्या राउटरचे १०० मेगाबिटचे पोर्ट यासाठी पुरेसे आहे.

फरक पाहण्यासाठी खेळाच्या सर्व्हरला नव्हे, तर राउटरलाच पिंग करावे, म्हणजे घरातला भाग वेगळा दिसतो. राउटरचा पत्ता 192.168.1.1 असल्यास विंडोजवर पुढील आज्ञा चालते:

```
ping -n 200 192.168.1.1
```

तारेवर बहुतेक ओळींत `time<1ms` दिसते. वायफायवर, समजा, १९० उत्तरे ३ मिलिसेकंदांत आणि १० उत्तरे १२० मिलिसेकंदांत आली, तर सरासरी ९ च्याही आत राहते आणि सारे काही उत्तम असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात सेकंदाला ६४ वेळा स्थिती कळवणाऱ्या खेळात १२० मिलिसेकंदांच्या खोळंब्यात सातएक संदेश अडकून मग एकदम येतात, आणि समोरचा खेळाडू जागेवरून उडी मारल्यासारखा दिसतो. म्हणून `Average` पेक्षा `Maximum` आणि `Request timed out.` या नोंदी पाहाव्यात. स्वस्त राउटर कामात असताना पिंगला उशिरा उत्तर देतो, हे लक्षात घेऊन दोन्ही चाचण्या त्याच राउटरवर, लागोपाठ आणि सारख्याच परिस्थितीत घेणे आवश्यक आहे.

जुने वायफाय प्रत्येक वेळी अस्थिर असतेच असे नाही. राउटर त्याच खोलीत, चॅनेल रिकामे आणि इतर उपकरणे शांत असतील, तर तारेच्या तुलनेत दोन-तीन मिलिसेकंदच अधिक लागतात आणि खेळताना ते जाणवतही नाहीत. मात्र ही शांतता खेळाडूच्या हाती नसते. उलट, कोणी मोठी फाइल अपलोड करू लागल्यावर साध्या राउटरच्या बफरमध्ये पॅकेटांची जी रांग लागते, ती तारेनेही टळत नाही. राउटरपर्यंतचा पिंग १ मिलिसेकंदाच्या आत असूनही बाहेरचा पिंग शेकड्यांत जातो, ही या दोषाची खूण होय, आणि त्यावर केबल बदलण्यापेक्षा अपलोडचा वेग जोडणीच्या मर्यादेपेक्षा थोडा कमी बांधून देणे उपयोगी पडते.