फॅट ७२ लागलेली म्हैस

करवीर तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध संस्थेत माझा चुलतभाऊ सचिव आहे. एका संध्याकाळी त्याने मला म्हशीच्या दुधाच्या फॅटचं पान दाखवलं. पंधरा उत्पादक, पंधरा आकडे, आणि सरासरी आली होती ११.२. कोल्हापुरात म्हशीच्या दुधाचं कौतुक कितीही असलं, तरी सगळ्या गावाची सरासरी अकराच्या वर जाणं शक्य नाही. लहानापासून मोठ्यापर्यंत लावले तर ते आकडे असे होते:

३.६, ६.२, ६.४, ६.५, ६.६, ६.८, ६.९, ७.०, ७.१, ७.२, ७.३, ७.५, ७.६, ९.८, ७२

७२ कुणाच्याही डोळ्यात भरतो. बाकीच्यांचं काय? संख्याशास्त्रात प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरलेत याचं माप. ते इथे जवळपास १७ येतं. सरासरीच्या दोन्ही बाजूंना तीन विचलनांपर्यंत चालेल असं धरलं, तर उणे ३९ ते ६२ मधलं सगळं दूध ‘ठीक’ ठरतं! एकट्या ७२ ने सरासरी आणि विचलन दोन्ही इतकं फुगवलं, की ३.६ आणि ९.८ त्याच्या आडोशाला लपले.

अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांनी रुळवलेला नियम या सापळ्यात अडकत नाही, कारण तो टोकांकडे बघतच नाही. ओळीतला मधला, म्हणजे आठवा आकडा ७.०, हा मध्यक. त्याच्या खालच्या सात आकड्यांतला मधला ६.५, हे पहिलं चतुर्थक. वरच्या सातांतला मधला ७.५, हे तिसरं. दोघांमधलं अंतर १.०, आणि निम्मी मंडळी साधारण याच पट्ट्यात बसतात. या अंतराची दीडपट, म्हणजे १.५, खालच्या चतुर्थकातून वजा करायची आणि वरच्यात मिळवायची. कुंपण पडलं ५.० ते ९.० असं. ७२ च्या जागी ७२० असता तरी हे कुंपण तसूभर हललं नसतं. (एक्सेलची चतुर्थकं किंचित वेगळी येतात, कारण तिथली मोजायची पद्धत वेगळी आहे. घाबरायचं कारण नाही, तिन्ही आकडे तिथेही बाहेरच पडतात.)

कुंपणाबाहेरचे तिघे सापडले. पण त्यांचं करायचं काय, हे नियम सांगत नाही. त्यासाठी दूध कळावं लागतं.

७२ सोपा होता. मशीनच्या चिठ्ठीवर ७.२ होतं, वहीत उतरवताना टिंब राहिलं. चिठ्ठी होती म्हणून आकडा दुरुस्त केला. ती हरवली असती तर मी ती जागा मोकळी सोडायला सांगितलं असतं. ‘७.२ च असणार’ हा अंदाज कितीही पटला तरी तो मोजलेला आकडा नव्हे.

३.६ वर भावाचा पहिला संशय पाण्याचा. मी त्याला शेजारचा रकाना बघायला सांगितला. तिथे एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग, ८.५ होता. म्हशीच्या दुधात तो साधारण ९ असतो. पाणी घालून फॅट सातावरून ३.६ वर आणायचं तर जवळजवळ निम्मं पाणी लागेल, आणि मग एसएनएफही निम्म्यावर, साडेचारच्या आसपास यायला हवा. इथे तसं नव्हतं. ३.६ फॅट आणि ८.५ एसएनएफ ही जोडी गायीच्या दुधाची आहे. उत्पादकाला विचारलं तर म्हणाला, “म्हैस आटली की दादा, चार दिस झालं गायीचंच घालतोय.” आकडा खरा, रकाना चुकीचा. म्हशीच्या यादीतून तो काढला आणि गायीच्या पानावर नेला.

खरी अडचण ९.८ ची. नमुना घेण्याआधी दूध नीट ढवळलं नसेल तर वर आलेली साय नमुन्यात येते आणि फॅट खोटं वाढतं. उरलेलं दूध ढवळून पुन्हा तपासलं, ९.७ आलं. मग त्याच घरच्या मागच्या दहा दिवसांच्या नोंदी काढल्या. फॅट ८.९ पासून हळूहळू चढत होतं आणि दूध चार लिटरांवरून दोनवर उतरलं होतं. म्हैस आटत आली की दूध कमी आणि दाट होतं. आकडा ठेवला. इथे दर फॅटवर ठरतो, तेव्हा विचित्र दिसतो म्हणून खोडला असता तर त्या माणसाच्या बिलाला कात्री लागली असती.

दुरुस्तीनंतर चौदा आकडे उरले. नवं कुंपण ५.५५ ते ८.३५, म्हणजे आधीपेक्षा अरुंद. ९.८ अजून बाहेरच आहे आणि तो बाहेरच राहू दे. दर वेळी बाहेरचा खोडून पुन्हा कुंपण घालत बसलं, तर ते आवळत जाऊन चांगले आकडेही बाहेर ढकलू शकतं. शिवाय घंटेच्या आकारात पसरलेल्या अगदी निर्दोष आकड्यांतलेही हजारी सातेक या कुंपणाबाहेर पडतात. संस्थेच्या दोन वेळच्या महिन्याच्या नोंदी नऊशे, म्हणजे सहाएक आकडे काहीही न चुकता बाहेर दिसायचेच.

भावाने आता पानावर शेऱ्याचा एक रकाना वाढवलाय. ९.८ समोर त्यात लिहिलंय: ‘पुन्हा तपासले, म्हैस आटत आहे, कायम.’